विनोदला येरवड्याला पाठवलेलं पत्र

राहुरी, ३ नोव्हेंबर

प्रिय विनोद,
सप्रेम सलाम.

निकालाच्या दिवशी कोर्टात नीट बोलताच आलं नाही, पोलीस घाईत होते, म्हणून हे पत्र. तुझी पत्रं आत वाचून मग देतात हे माहितीये, त्यामुळे घरातलं काय ते मुलाखतीत बोलू. तुझी इच्छा असेल तरच भेटायला येणाऱ्यांत माझं नाव दे, म्हणजे सुरेखाबरोबर बुकिंग करून येईन.

आधी एक सांगतो, मंडळीच्या रजिस्टरमधून तुझं नाव काढलेलं नाही आणि काढणारही नाही. पंचकमिटीत एकाने विषय काढला होता, मी म्हटलं सभासद आहे तो आपला, शिक्षा कोर्टाने दिलीय ती पुरे. पण तुला गोड गोड पण लिहिणार नाही. पतसंस्थेत ज्यांचे पैसे बुडाले त्यातली तीन घरं आपल्याच चर्चमधली आहेत, त्यांच्याकडेही मी जातो, त्यांचा राग खरा आहे. त्यांनी तुला माफ करावं असं मी त्यांना सांगत नाही, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. आणि तुझी केस मी तुला परत कधी विचारणार नाही, तुला बोलावंसं वाटलं तर बोल.

उपासनेत तुझं नाव घेऊन प्रार्थना करायची की नुसतं 'बंधनात असलेल्यांसाठी' म्हणायचं हे तू कळव. तोवर नाव फक्त माझ्या घरी घेतो.

योसेफाचं आठवतं ना, तुरुंगात त्याने प्यालेबरदाराला सांगितलं होतं माझी आठवण ठेव, आणि तो बाहेर गेला नि साफ विसरला, पुढे दोन वर्षं. मला त्या माणसाचा नेहमी राग येतो (प्रवचनात तसं म्हणत नाही). म्हणून ठरवलंय, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझं पत्र टपालात पडेल, तुझं उत्तर येवो न येवो. मध्ये एखादं उशिरा मिळालं तर टपालाला नाव ठेव, मला नको 😄

आता तुझ्याकडे काम. नाताळच्या कीर्तनाला ढोलकीवर विजूभाऊंचा पोरगा बसणारेय, हात चांगलाय पण धुमाळीत पळतो, आणि 'पाळणा' म्हणताना बायका मागे राहतात. कुठे थांबायचं, कुठे ठेका बदलायचा ते लिहून पाठव, अगदी धा-धिनसकट. तुझ्याशिवाय हे कुणाला येत नाही, म्हणून विचारतोय, तुझं मन रमावं म्हणून नाही.

आत मुक्त विद्यापीठाचा अभ्यास करता येतो म्हणतात, तू बी.कॉम. अर्धवट सोडलं होतंस, चौकशी करून ठेव. घाई नाही.

तुझा,
पाळकसाहेब

ता.क. चष्म्याची काडी तुटली असं सुरेखा म्हणाली. बाहेरून आणलेला चष्मा चालतो का ते आतल्या दवाखान्यात विचारून कळव, जुना नंबर तिच्याकडे आहे.