देवघरातल्या वस्तू

काचेमागची ही भांडी आम्ही मुद्दाम चकचकीत केलेली नाहीत. घरात होती तेव्हा ती चिंच आणि राख लावून घासली जात. चिंचेच्या आंबटपणाने तांब्यावरचा काळपट थर निघतो, पण दर वेळी किंचित धातूही झिजतो. म्हणून जुन्या ताम्हणाची कड पातळ आणि नक्षी बोथट दिसते. ही झीज नीट दिसावी यासाठी उजेड बाजूने सोडला आहे.

पळी, पंचपात्र आणि ताम्हण ही रोजच्या पूजेची भांडी. पंचपात्रातले पाणी पळीने तळहातावर घेऊन आचमन करतात; देवांना स्नान घालतात ते ताम्हणात. वर टांगलेल्या अभिषेकपात्राच्या बुडाशी बारीक छिद्र आहे. त्यातून देवावर पाण्याची संततधार धरली जाते.

मधल्या फळीवरचे टाक मात्र थांबून पाहा.

चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्यावर देवाची आकृती उठवतात, तो टाक. मूर्तीपेक्षा हलका, तळहातावर मावणारा. पहिल्या टाकावर घोड्यावर बसलेला खंडोबा आहे आणि त्याच्यासोबत म्हाळसा. घोड्याच्या पायाशी कुत्रा शोधा, सापडेल. दुसरा टाक देवीचा. तिसऱ्यावरची आकृती देवाची नाही, घरातल्या पूर्वजाची आहे. अनेक घरांत कुलदैवताच्या शेजारी पूर्वजांनाही देव्हाऱ्यात जागा मिळते.

नवा टाक करून आणला की तो जेजुरीला नेऊन खंडोबाला भेटवण्याची रीत आहे. नवरात्रात देव घटी बसतात, तेव्हा बऱ्याच घरांत टाक विड्याच्या पानावर ठेवतात आणि घट उठेपर्यंत हलवत नाहीत. एरवी रोज स्नान, रोज गंध, रोज पुसणे. खंडोबाचा चेहरा पुसट झालाय तो यामुळेच. फार झिजलेला टाक सहसा विसर्जित करतात किंवा सोनाराकडून नव्याने घडवून घेतात, त्यामुळे इतका वापरलेला टाक संग्रहालयात येणे ही आमच्या दृष्टीने भाग्याचीच गोष्ट.

खालच्या फळीवर समई, निरांजन, धुपाटणे आणि घंटा आहे. समईत तेल घालतात, निरांजनात तूप. घंटा काशाची, म्हणजे तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाची; तिचा नाद बराच वेळ घुमतो तो या मिश्रधातूमुळे. शंखाखालची तीन पायांची बैठक म्हणजे अडणी. ती नसेल तर शंख कलंडतो.

शेवटच्या टेबलावरची सहाण काचेबाहेर आहे, तिला हात लावायला हरकत नाही. मधल्या खळग्यावरून बोट फिरवा. चंदनाचे खोड पाण्याचे दोन-चार थेंब टाकून इथेच उगाळत असत. लहान मुलांना सहाण उचलू देऊ नका. दगड दिसतो त्यापेक्षा बराच जड आहे.