भोवऱ्याच्या पिशवीतली चिठ्ठी

माझ्या सगळ्या दोस्तांनो,

शनिवारी माझ्या वाढदिवसाला आलात, मज्जा केलीत, त्याबद्दल खूप खूप थँक्यू! मी आता आठ वर्षांची झाले. (मिहिका सांगतेय, आई लिहितेय. कंसातलं सगळं आईचं.)

रिटर्न गिफ्ट त्याच दिवशी का नाही दिलं, असं रुद्रने जाताना मोठ्याने विचारलं होतं. त्याचं उत्तर असं, की गिफ्ट तेव्हा सावंतवाडीतच होतं. माझा काका तिथे राहतो. तो शनिवारी संध्याकाळी तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसला आणि रविवारी सकाळी ठाण्याला उतरला. पिशव्या आजीने तिच्या जुन्या साडीच्या शिवल्यात, म्हणून कुणाच्या पिशवीवर मोर आलाय आणि कुणाच्या पिशवीवर मोराचे नुसतेच पाय. अदलाबदल आपसांत करा, आमच्याकडे येऊ नका.

पिशवीत एक भोवरा आहे आणि त्याची दोरी. त्या दोरीला जाळी म्हणतात आणि भोवऱ्याच्या खालच्या खिळ्याला आर. काकाने हे भोवरे चितारआळीतून आणले. तिथे लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. लाकडाची केळी, आंबे, वांगी इतकी खरी दिसतात, की मी लहान असताना एक पेरू चावला होता. (त्या पेरूवर दात अजून दिसतात.)

आता नीट वाचा, कारण माझा भोवरा आधी नुसता धप्पकन पडायचा. जाळीचं एक टोक आरेपाशी अंगठ्याने दाबून धरायचं. तिथूनच वर गुंडाळत जायचं, एकाला एक चिकटून, घट्ट. वेढे सैल पडले की भोवरा फिरत नाही, घरंगळतो. दुसऱ्या टोकाला गाठ आहे, ती दोन बोटांच्या मध्ये अडकवायची. मग आर खाली ठेवून भोवरा पुढे फेकायचा आणि हात झटकन मागे ओढायचा. झटका महत्त्वाचा! जोर नाही, झटका. सानिका डावखुरी आहे, तिने जाळी उलट्या बाजूने गुंडाळायची, असं काका म्हणाला.

चांगला लागला की भोवरा एकाच जागी उभा राहतो आणि गुणगुणतो. कान जवळ नेऊन ऐका. (फार जवळ नको.) रंगाचे पट्टे तर एकमेकांत मिसळूनच जातात. काकाला हातजाळी येते, म्हणजे भोवरा जमिनीला टेकूच द्यायचा नाही, वरच्या वर तळहातावर झेलायचा. हातावर गुदगुल्या होतात म्हणे. मला अजून येत नाही, पण मे महिन्यात सावंतवाडीला जाईन तेव्हा शिकणार आहे.

आणखी थँक्यू राहिलेत. कबीरने स्वतः काढलेलं कार्ड दिलं, त्यात माझे केस हिरवे आहेत, ते मी कपाटाला चिकटवलंय. संगीत खुर्चीत ओवी आणि रुद्र एकाच खुर्चीवर बसले आणि दोघंही उठेनात, तेव्हा मला हसून हसून उचकी लागली. केक कापताना सगळे इतक्या जोरात ओरडलात, की खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. ते रागावले नाहीत, केक खाऊनच गेले. आणि श्लोक, तू सगळ्यांच्या शेवटी थांबून माझ्याबरोबर फुगे गोळा केलेस, तुला डबल थँक्यू.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता भोवरे घेऊन खाली या, पाण्याच्या टाकीजवळ. तिथे माती आहे. काका तोपर्यंत इथेच आहे, ज्याला जमत नसेल त्याला तो शिकवेल. ज्याचा भोवरा सगळ्यात जास्त वेळ फिरेल तो पहिला नंबर. बक्षीस नाहीये, फक्त नंबर.

तुमची,
मिहिका

ता. क. सगळ्या आईबाबांसाठी: आर लोखंडी आहे. घरातल्या फरशीवर टवके उडतात, आमच्या उडाल्यात, त्यामुळे भोवरा खाली अंगणातच खेळू द्या. फेकताना समोर कुणी उभं नको आणि धाकटी भावंडं जरा लांब. तुमच्यापैकी ज्यांना लहानपणी भोवरा यायचा त्यांनीही रविवारी जरूर यावं, काकाला एकट्याला इतकी मुलं आवरणार नाहीत. आमच्याकडे एक निळी पाण्याची बाटली, एक केसांचा बो आणि डाव्या पायाचा एकच मोजा राहिलाय. ज्यांचं असेल त्यांनी घेऊन जा, भेळ अजून शिल्लक आहे.

— मिहिकाची आई