कार पार्किंगच्या जागांची खुली सोडत: रविवार, 15 जून 2025

दिनांक: 30 मे 2025

प्रति,
संस्थेचे सर्व सभासद व रहिवासी

सप्रेम नमस्कार,

11 मेच्या विशेष सर्वसाधारण सभेत ठरल्याप्रमाणे कार पार्किंगच्या जागा यंदा खुल्या सोडतीने दिल्या जातील. सोडत रविवारी, 15 जूनला सकाळी 10:30 वाजता क्लब हाऊसमध्ये निघेल. जागा 1 जुलै 2025 ते 30 जून 2026 या एका वर्षासाठीच मिळेल.

आपल्याकडे कारसाठी 38 जागा आहेत. त्यांपैकी 2 पाहुण्यांसाठी आहेत आणि लिफ्टजवळची 1 जागा व्हीलचेअर वापरणाऱ्या सभासदासाठी सभेने एकमताने राखून ठेवली आहे. उरल्या 35. निदान एक कार असलेले फ्लॅट मात्र 47 आहेत. त्यामुळे यंदा एका फ्लॅटला एकच जागा. दुसऱ्या गाडीचे अर्ज घेतले जाणार नाहीत. दुचाकींची व्यवस्था आहे तशीच राहील.

"इतकी वर्षं मी इथेच गाडी लावतो," हे वाक्य गेल्या महिनाभरात मी बऱ्याच जणांकडून ऐकले. सवयीने जागा कुणाची होत नाही. आपल्या उपविधींनुसार जागांपेक्षा गाड्या जास्त असतील, तर वाटप दरवर्षी सोडतीनेच करायचे असते. काहींकडे पार्किंगचे पैसे भरल्याची बिल्डरची पावती आहे. त्यांच्या माहितीसाठी: स्टिल्टमधली किंवा उघड्यावरची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात 31 ऑगस्ट 2010 रोजी स्पष्ट केले आहे. आपली इमारत 2004 ची, म्हणजे हा निकाल ज्या जुन्या फ्लॅट-मालकी कायद्याखाली दिला गेला, त्याच कायद्याखालची. तेव्हा त्या पावतीवर संस्थेला जागा देता येणार नाही. स्वखर्चाने चार्जिंग पॉइंट बसवलेल्यांनाही हेच लागू आहे. त्यांना वेगळी जागा आली, तर तिथपर्यंत वायर नेण्याची परवानगी समिती लगेच देईल.

सोडतीच्या वेळी दोन पारदर्शक बरण्या असतील. एकीत अर्जदारांच्या फ्लॅट क्रमांकांच्या 47 चिठ्ठ्या. दुसरीतही 47: त्यांतल्या 35 वर जागेचा क्रमांक आणि 12 वर 'प्रतीक्षा 1' ते 'प्रतीक्षा 12'. अर्ज 47 पेक्षा कमी आले, तर तितक्या प्रतीक्षेच्या चिठ्ठ्या शेवटाकडून कमी करू. सर्व चिठ्ठ्या आधी टेबलावर मांडून, मोजून दाखवल्या जातील आणि घड्या सगळ्यांसमोर घातल्या जातील. मग प्रत्येक बरणीतून एकेक चिठ्ठी काढून जोडी मोठ्याने वाचली जाईल व फळ्यावर लिहिली जाईल. चिठ्ठ्या कार नसलेल्या घरांतली दोन मुले काढतील. नाव आधी निघाले काय नि शेवटी निघाले काय, जागा मिळण्याची शक्यता सारखीच असते. त्यामुळे "आमची चिठ्ठी वर ठेवा" असे कृपया कुणी सांगू नये! मोबाईल ॲपवर सोडत काढावी अशीही सूचना आली होती, पण ॲपच्या आत काय चालले आहे ते सभागृहाला दिसत नाही.

ज्यांना प्रतीक्षा क्रमांक येईल त्यांच्याकडून पार्किंग शुल्क घेतले जाणार नाही. वर्षात जागा रिकामी झाली, तर ती याच क्रमाने दिली जाईल. शिवाय पुढच्या वर्षी, तोवर जागा न मिळालेल्यांच्या चिठ्ठ्या आधी काढल्या जातील आणि उरलेल्या जागांसाठी बाकीच्यांची सोडत निघेल. म्हणजे लागोपाठ दोन वर्षे कुणालाही बाहेर राहावे लागणार नाही. सभेत सर्वाधिक वेळ याच मुद्द्यावर गेला आणि माझ्या मते तो सत्कारणी लागला.

मागे-पुढे लागणाऱ्या जागांच्या तीन जोड्या आहेत: 14-15, 16-17 आणि 22-23. पुढच्या गाडीची जादा किल्ली वॉचमनच्या केबिनमधल्या कुलूपबंद पेटीत ठेवावी लागेल. हे मान्य नसेल, तर आपसात अदलाबदल करावी. दोघांच्या सह्यांचा अर्ज 22 जूनपर्यंत द्यावा. मात्र जागा परस्पर भाड्याने देता येणार नाही. तसे आढळल्यास ती काढून प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या सभासदाला दिली जाईल. भाडेकरूंच्या गाडीसाठी अर्ज घरमालक सभासदानेच करायचा आहे.

अर्ज कार्यालयात मिळतील. आरसीची प्रत जोडून रविवार, 8 जूनला संध्याकाळी 7 पर्यंत द्यावेत. उशिरा आलेला अर्ज घेतला जाणार नाही. अर्जदारांची यादी 10 जूनला सूचना फलकावर लागेल, हरकत 12 पर्यंत लेखी कळवावी. सोडतीला येणे जमत नसेल तर घरातल्या कुणालाही पाठवा. कुणीच आले नाही तरी चिठ्ठी बरणीत असेलच. शुल्क स्टिल्टसाठी दरमहा 400 रुपये आणि उघड्या जागेसाठी 250 रुपये, जुलैच्या मेंटेनन्स बिलात लागेल.

30 जूनला रात्री 10 पर्यंत सर्वांनी सध्याच्या जागा रिकाम्या कराव्यात. नवे स्टिकर 28 तारखेपासून कार्यालयात मिळतील.

आपला,
सचिव
(व्यवस्थापक समितीच्या वतीने)