छोटीचा दिवस: जुलै, वय 18 महिने (बाबांसाठी, स्वयंपाकघरातल्या कपाटावर लावायला)

सगळं दोन खुंट्यांवर टांगलंय: सव्वाअकराचं जेवण आणि बाराची झोप. या दोन वेळा धरा, बाकीचं पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे झालं तरी चालेल. दुपारची झोप एकच राहिली आहे. उठल्यापासून साडेपाच तास ती खुशीत असते, त्यानंतर नुसती किरकिर.

6:30 उठणं. दूध 150 मिली, कपातून. दिवसभरात दूध 400 मिलीच्या वर नको. दुधाने पोट भरलं की जेवण जात नाही आणि अंगातलं लोहही कमी पडतं.

7:45 न्याहारी. एक दिवस उकड्या तांदळाची पेज, एक दिवस नाचणीचं सत्त्व. सत्त्व दीड चमचा, आधी थंड पाण्यात कालवायचं, मग एक वाटी पाणी घालून मंद आचेवर पाच-सहा मिनिटं ढवळत राहायचं. उकळत्या पाण्यात थेट टाकलंत तर गुठळ्या होतात आणि ती त्या एकेक करून थुंकते. पेजेसाठी अर्धी वाटी तांदूळ, चार वाट्या पाणी. तेवढ्यात आजींचीही होते. आई साडेआठला निघते. त्या वेळी खिडकीशी उभं राहून टाटा करायचा, लपून निसटायचं नाही.

9:30 खाऊ: अर्धं केळं किंवा पपईच्या चार फोडी. आजी बिस्कीट देणारच, तेव्हा ते याच वेळी आणि एकच. पावणेअकराला दिलेलं बिस्कीट सव्वाअकराचा भात खातं.

10:00 मूगडाळ-तांदळाचा कुकर याच वेळी लावा, तांबड्या भोपळ्याची फोड आतच टाका. साडेअकरानंतर शिटी नको, नाहीतर झोपेचं खोबरं. साडेदहानंतर तिला स्कूटरवर नेऊ नका. बाजारापर्यंतच्या वाटेवर दहा मिनिटं डुलकी लागते आणि मग बाराला डोळे टक्क.

11:15 जेवण. मऊ भात-डाळ पाच-सहा चमचे, वर तूप एक चमचा, लिंबाचे चार थेंब (डाळीतलं लोह अंगी लागायला), अर्धं उकडलेलं अंडं. 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी आहे, त्यामुळे सध्या अंडं-मुगावर भागवायचं. पुढे मासे आले की सुरमई किंवा पापलेट, काटे बोटांनी चाचपून. तारली, मांदेली अजून नको. काजू, शेंगदाणे अख्खे नकोत आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडाही नको. घशात अडकतात. वीस मिनिटांत ताट उचला. उरलं तर उरलं, घास घेऊन मागे फिरायचं नाही.

12:00 ते 2:00 झोप. पडदा, मच्छरदाणी, पंखा. वीज गेली की पंखा थांबतो आणि ती दहा मिनिटांत घामाने उठते, म्हणून चार्जिंगचा पंखा रोज रात्री लावून ठेवा. झोपली की पहिल्यांदा तुम्ही जेवा. मग पाणी उकळून ठेवा (खळखळ उकळी एक मिनिट, विहीर गढूळ असेल तर आधी गाळून). धुणं नंतर. लंगोट या दिवसांत दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून बारा काढून ठेवले आहेत.

चाळीस मिनिटांतच जागी झाली तर लगेच उचलू नका. दहा मिनिटं शेजारी बसून थोपटा. नाहीच झोपली तर रात्रीचं सगळं पाऊण तास अलीकडे ओढा. दमून जास्त झोपेल असं वाटतं, होतं उलटंच: अतिदमलेलं मूल रात्री दोनदा उठतं. अडीचच्या पुढे झोपू मात्र देऊ नका.

2:30 खाऊ: उकडलेलं रताळं किंवा एक घावन, सोबत दोन चमचे दही.

3:30 ते 5:30 पडवीत. बादलीभर पाणी आणि करवंट्या एवढ्यावर तासभर जातो, पण बादलीजवळून उठायचं नाही, फोन आला तरी. खेळ संपला की बादली तिथेच ओतून पालथी घालायची. पाऊस उघडला तर अंगणात. सहापासून पूर्ण बाह्यांचे कपडे, डास येतात.

6:15 रात्रीचं जेवण. कुळथाची पिठी: पीठ एक चमचा थंड पाण्यात कालवून एक वाटी पाण्यात उकळायचं, लसणाची फोडणी, एक आमसूल. तिची वाटी काढून मग मिरची. सोबत मऊ भात.

7:00 दूध 150 मिली, मग दात घासणं. दात घासल्यावर फक्त पाणी. कोमट पाण्याने अंग पुसणं, दिवा मंद.

7:45 झोप. दोन गोष्टी, तिसरी नाही. ती मागेल.

16 ते 24 महिन्यांतले बूस्टर डोस याच महिन्यात आहेत. लस दिली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही हे वेळापत्रक गुंडाळून ठेवा: ताप येऊ शकतो. पेज आणि पाणी थोडं-थोडं, मागेल तेवढं, आणि झोप येईल तेव्हा.