दिवस तिसावा

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५, रात्री साडेनऊ

आज तबल्याच्या रियाजाला तीस दिवस झाले. लक्ष्मीपूजनालाही बसलो होतो, वीसच मिनिटं का होईना. चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा 'ना' आता दहात सात वेळा खणखणतो. अनामिका मधल्या काळ्या शाईच्या कडेला जरा जास्त टेकली की मात्र लाकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. असो. आज लिहायचंय ते डाव्या हाताच्या डग्ग्याबद्दल.

महिनाभर मी सोळा मात्रांच्या त्रितालात हरवतोय. लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून, लावला की दोन-तीन आवर्तनं बरी जातात, मग मनातला आकडा एकीकडे आणि हात दुसरीकडे. सरांनी टाळी देऊन ठेका म्हणायला लावला: एक, पाच, तेराला टाळी, नऊला हात बाजूला, खाली. म्हणून मी धरून चाललो होतो की खाली म्हणजे नवव्या मात्रेला डग्गा बंद. तिथे डग्ग्यासकट 'धा' यायचा आणि मी दचकायचो. वहीत 'धा तिं तिं ता' असं स्वतःच्याच अक्षरात लिहिलंय, तरी!

आज संध्याकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. "काय रे, डावा हात दुखतो का तुझा? मधेच थांबतोस."
"कुठे थांबतो?"
"अरे धुम् धुम् चालू असतं, मग जरा वेळ काहीच नाही, मग परत धुम् धुम्. रोज तेच."

त्यांना स्लॅबमधून तबला ऐकूच येत नाही, फक्त डग्गा जातो. वर येऊन बोटांवर मोजलं. दहा, अकरा, बारा, तेरा: तिं तिं ता ता. या चार मात्रा डग्गा गप्प. चौदाला 'धिं' बरोबर घुमारा परत येतो, धिं धिं धा, आणि लगेच सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा. म्हणजे काकूंना ऐकू येतात ते सलग बारा ठोके आणि चारांची पोकळी. पोकळीनंतरचा चौथा ठोका ही सम. सोळा आकडे डोक्यात कशाला वागवत होतो मी?

लेहरा लावला, लय मिनिटाला ८० मात्रा. मुलीला सांगितलं, मधेच काहीतरी विचार. तिने विचारलं, "बाबा, उद्या डब्यात काय?" मी "भेंडी" म्हणालो आणि अर्थातच हरवलो. पण हात थांबवला नाही. डग्गा गप्प झाला, मी वाट पाहिली, धिं धिं धा, आणि समेवर 'धा' लेहऱ्याच्या सुरावर नेमका पडला. पाचदा करून पाहिलं, तीनदा जमलं. दोनदा चौदालाच सम समजून बसलो.

उजवा हात अजून कच्चाच आहे, तिरकिट तर विचारूच नका. रविवारी सरांना काकूंचं सांगायला हवं. काकूंनी जाता जाता हेही बजावलं की नऊच्या आत आटपत जा.