कुरकुर

माईंनी अद्वैतला पाठवलेली पहिली व्हॉइस नोट एका सेकंदाची होती. तिच्यात "अ" एवढंच होतं. दुसरीत "अदू". तिसरीत "अगं, हे परत", आणि ते माझ्यासाठी होतं. अशा अकरा गेल्या. जर्मनीतून उत्तर आलं, "आजी, तू अकरा वेळा मला हाक मारलीस. बोल ना आता."

माई बटण दाबायच्या, टिंग झालं की अंगठा काढायच्या आणि मग घसा खाकरून बोलायला लागायच्या.

"धरून ठेवायचं, माई. बोलणं संपेपर्यंत."

"दारावरची बेल कुणी दाबून धरतं का? एकदा वाजली की वाजली."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी झेडपीच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. सहा वर्षांच्या पोराला पेन्सिल कशी धरायची ते हाताला हात लावून दाखवता येतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या घरमालकिणीचा अंगठा धरून ठेवायला जरा धीर लागतो. पण धरला. मधल्या आळीतल्या त्यांच्या वाड्यात वरच्या दोन खोल्यांत आम्ही सात वर्षं भाड्याने राहतोय, आणि या सात वर्षांत त्यांनी भाडं एकदाच वाढवलं. तेवढा हक्क त्यांचा होताच.

अद्वैत, म्हणजे त्यांचा नातू, गेल्या ऑक्टोबरात केम्निट्झला शिकायला गेला. व्हिडिओ कॉल माईंना जमायचा, पण आवडायचा नाही. "त्यात मला माझंच तोंड दिसत राहतं. आणि त्याचं कपाळापासून वरचं." शिवाय कॉलची वेळ जमायची नाही. तो मोकळा असायचा तेव्हा माईंची निजानीज झालेली असे. म्हणून त्यानेच सुचवलं, आजी, तुला वाटेल तेव्हा बोलून ठेव, मी सवडीने ऐकेन.

बोलून ठेवायचं ही कल्पना मात्र माईंना लगेच पटली. लोणचं घालून ठेवतात तसं.

पुढच्या आठवड्यात अंगठा बसला, पण वेगळीच अडचण निघाली. माई ओरडायच्या. पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा, तीन मिनिटांत सगळं उरकायचं आणि पलीकडे ऐकू जावं म्हणून आख्ख्या पोस्टाला ऐकवायचं, अशी त्यांची फोनची शिकवणी. त्यात भाषा पत्राची. "चिरंजीव अद्वैत यास वाईहून आजीचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, इकडे सर्व क्षेम. तुझ्या बापाचा रक्तदाब बरा आहे. कळावे." हे सगळं अशा वरच्या पट्टीत, की गल्लीतल्या दूधवाल्यालासुद्धा श्रीकांतदादांच्या रक्तदाबाची खबर लागली.

आवाज खाली आला तो झोपाळ्यामुळे. माजघरात सागवानी फळीचा जुना झोपाळा आहे, पितळी कड्यांचा. एक कडी कुरकुरते. तेल घालायचं कुणी नाव काढलं तर माई म्हणायच्या, "राहू दे. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं." एकदा झोपाळ्यावर बसून त्या शेंगा सोलत होत्या, फोन मांडीवर होता, आणि सोलता सोलता त्यांनी बटण धरलं. त्या दिवशी ना आशीर्वाद, ना कळावे. घाटावर पाणी किती आलंय, ढोल्या गणपतीला संकष्टीला किती रांग होती, समोरच्यांच्या सुनेने पोळ्यांना बाई का लावली. चार मिनिटं चाळीस सेकंद. मागे झोपाळा कुर्र, कुर्र.

नोट ऐकली गेली की माइकचं चित्र निळं होतं, हे माझ्या इराने त्यांना दाखवलं. इरा चौथीत आहे, माईआजी म्हणते त्यांना. तेव्हापासून दिवसातून दहा वेळा माजघरातून हाक, "इरा, निळा झाला का गं?" चष्मा लावूनही त्यांना निळा आणि करडा यातला फरक दिसायचा नाही.

मधेच एकदा माई मला गंभीरपणे म्हणाल्या, "हा फार घाईघाईने बोलायला लागलाय. तिकडे श्वास घेऊ देत नाहीत का?" मी ऐकलं. खरंच पोरगं धापा टाकल्यासारखं बोलत होतं. मग बघितलं, तर माईंच्या बोटाने वेग दीडपट झाला होता. तो पूर्ववत केल्यावर त्यांनी सगळ्या जुन्या नोटा पुन्हा ऐकल्या. म्हणाल्या, "आता माझा वाटतोय."

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे गेली. सरकार सांगतं आणि सगळा देश घड्याळ मागे करतो, हे माईंना दिवाळीभर पुरलं. येईल त्याला सांगायच्या. पण हिशेब त्यांनी पक्का केला. आधी साडेतीन तासांचा फरक होता, आता साडेचार. भिंतीवरच्या घड्याळाखाली कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेनने लिहून ठेवलं, "अदू: वजा ४॥". तो पाव-अर्धा लिहायचा जुना दंड आता माझ्या वर्गातल्या पोरांना दाखवला तर ती उद्गारचिन्ह म्हणतील.

पौषात माई पडल्या. झोपाळ्यावरून उतरताना पदर कडीत अडकला आणि उजवा हात खाली टेकला. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. श्रीकांतदादा पुण्याहून आले, दोन दिवस राहिले आणि जाताना दोन हुकूम सोडून गेले. एक, झोपाळ्यावर बसायचं नाही. दोन, अद्वैतला सांगायचं नाही, त्याच्या परीक्षा तोंडावर आहेत.

दुसरा हुकूम माईंना मान्य होता. पहिल्यावर त्या तीन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

आता डाव्या अंगठ्याला बटण धरवेना. तेव्हा मी त्यांना कुलपाची युक्ती दाखवली. बटण दाबून बोट वर सरकवलं की ते आपलं आपण चालू राहतं, धरायची गरज नाही. माईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गेले तीन महिने हे मुद्दाम लपवून ठेवलं होतं. "मी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं? बेल."

कॉटवर बसून त्यांनी संक्रांतीची नोट पाठवली. तिळगूळ घे, गोड बोल, इकडे थंडी आहे, हळद शिजायला लागली की वास येईल, तुला आवडायचा. उत्तर दोन ओळींचं, लिहिलेलं. "आजी, मस्त. झोपाळा का वाजत नाहीये?"

माईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

"सांगून टाका, माई," मी म्हटलं. "हात मोडलाय, आकाश कोसळलेलं नाही."

"परीक्षा आहेत त्याच्या."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माजघरातून कुर्र, कुर्र ऐकू आलं. माझ्या पोटात गोळा आला. चपला न काढता आत गेले. माई कॉटवरच होत्या, प्लॅस्टरचा हात उशीवर, समोर फोन. पलीकडे इरा रिकामा झोपाळा दोन्ही हातांनी ढकलत होती, ओठ घट्ट मिटून. हसू येऊ नये म्हणून तिने गाल आत ओढून घेतले होते. माईंनी मला डोळ्यांनीच दटावलं आणि बोलणं चालू ठेवलं, "...काही नाही रे, मधे कडीला तेल घातलं होतं. आता उतरलं ते."

खोटं बोलायचं ते किती तपशिलात! मी दारातच उभी राहिले.

ही तालीम दोन आठवडे चालली. रोज साडेचारला इरा खाली. माई तिला मोबदला म्हणून वडी द्यायच्या, आणि एकदा "जरा हळू गं, मी काय शर्यतीत आहे का" असंही नोटेत गेलं. ते पुसता येतं हे दोघींनाही ठाऊक होतं. पण इराने "डिलीट" दाबेपर्यंत माइक निळा झालेला.

मात्र माईसुद्धा नुसत्या बोलत नव्हत्या. ऐकत होत्या. अद्वैतच्या नोटा सकाळी यायच्या, सहाच्या सुमाराला, त्या काकड्याच्या वेळी जाग्या असायच्या तेव्हा. तो म्हणायचा, "लायब्ररीतून निघालोय आजी, ट्रामच्या स्टॉपवर उभा आहे. खिचडी केली होती, तू सांगितलीस तशी, डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून." माई ती नोट कानाला लावायच्या, मग मला द्यायच्या, मग परत कानाला.

"मागे काय वाजतंय?"

"ट्राम असेल."

"हं," माई म्हणायच्या.

काल सकाळी त्याची नोट आली. मी चहा घेऊन खाली गेले होते, म्हणून मला समोरच ऐकायला मिळाली. आवाज थकलेला, पण त्यात हसू दाबलेलं.

"आजी, खरं सांग. झोपाळ्यावर कोण बसतंय? तुझा झोका मला माहीत आहे. तू पायाने एकदा रेटतेस आणि मग तो थांबेपर्यंत रेटत नाहीस. हा कुणीतरी हाताने ढकलतंय, घाईघाईने. आणि तू बोलताना हलत नाहीयेस, आवाज एकाच जागेवरून येतोय. काय झालंय? बाबांना विचारलं तर बाबा हवामान सांगतात."

नोट संपली. माईंनी चहाची कपबशी बाजूला ठेवली. भिंतीकडे बघितलं. घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. ओठ हलले, वजा साडेचार. मग डाव्या अंगठ्याने बटण दाबलं, वर सरकवलं, कुलूप लागलंय ना ते मला दाखवून खात्री करून घेतली आणि सावरून बसल्या.

"अदू, हात मोडलाय माझा. उजवा. जुळतोय, दुखत नाही, पुढच्या गुरुवारी प्लॅस्टर काढणार. झोपाळ्यावर वरच्यांची इरा होती, तिला काही बोलू नकोस, मीच लावलं होतं तिला. झालं माझं. आता तू सांग. लायब्ररी रात्री दीड वाजता सुटते? बरं, सुटत असेल. पण तुझी ती ट्राम महिनाभर एकाच जागी उभी राहून पीं पीं का करते? आणि मागे खोकी कोण आपटतंय?"

त्या थांबल्या. कुलूप लागलेलं असल्यामुळे ते थांबणंही आत जात होतं.

"जड असतात का रे खोकी?"