घर सोडताना मालक काका-काकूंना लिहिलेले पत्र

नौपाडा, ठाणे
वसुबारस

ती. काका आणि सौ. काकू यांना,
सादर नमस्कार.

काल आपण चाव्या ताब्यात घेतल्यात, विजेच्या मीटरचे रीडिंग दोघांनी मिळून लिहून घेतले आणि अनामत रक्कमही त्याच संध्याकाळी आमच्या खात्यात जमा झाली. आपल्यातला सगळा हिशोब पुरा झाला आहे. हे पत्र त्यानंतरच लिहायचे असे आम्ही ठरवले होते, कारण यात आभारांखेरीज काहीही नाही.

अकरा-अकरा महिन्यांचे पाच भाडेकरार आपण केले, म्हणजे एकूण 55 महिने आम्ही या घरात राहिलो. दरवेळी मुदत संपण्याआधीच नोंदणीची आठवण आपण स्वतः करून दिलीत, आणि भाडे वाढले ते करारात लिहिले होते तेवढेच. ठाण्यात भाड्याने राहणाऱ्या माणसाला यामुळे केवढी निश्चिंती मिळते, हे पूर्वी तीन घरे बदललेल्या आम्हाला चांगले ठाऊक आहे.

पण आठवत राहील ती आईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरची गोष्ट. त्या रुग्णालयातून घरी यायच्या आदल्या दिवशी काका पाचपाखाडीहून प्लंबरला घेऊन आले, आणि न्हाणीघरात स्टीलचा दांडा नेमका किती उंचीवर हवा हे ठरवण्यासाठी स्वतः पाटावर बसून, भिंतीला हात टेकून उठून पाहिले, मगच भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. आम्ही त्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता. आई रोज तो दांडा धरून उठत आणि रोज काकांचे नाव घेत. पावसाळ्यात आतल्या खोलीची भिंत ओली झाली तेव्हाही, ती पुरती वाळल्याशिवाय रंग द्यायचा नाही, हा काकांचा आग्रह योग्यच ठरला.

काकूंनी पहिल्या वर्षी पाठवलेल्या अनारशांची चव मुलीच्या अजून लक्षात आहे. यंदा आईंनी बसून केलेल्या चकल्या आणि ओल्या नारळाच्या करंज्या सोबतच्या डब्यात आहेत. करंज्या दोन दिवसांत संपवाव्यात. डबा परत करण्याची तसदी घेऊ नये. मुलीने रंगवलेल्या चार पणत्याही आहेत, त्यांतली एक थोडी वाकडी आहे, पण तीच द्यायची असा तिचा हट्ट होता.

ऐरोलीच्या घरात सामान लागले आहे. आपल्या घरात आता जे कुटुंब येईल त्याला हे घर लाभो, आणि आपणा दोघांना दिवाळी आरोग्याची व आनंदाची जावो.

बाल्कनीतली तुळस आम्ही तिथेच ठेवली आहे. ती आपल्याच घरी रुजली, तिला हलवावेसे वाटले नाही.

आपले नम्र,
दुसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाड